बेडरूममधले तीन उजेड आणि मधोमध फिरणारा पंखा

आमचा फ्लॅट नाशिकला आहे आणि बेडरूम दहा बाय बारा फुटांची. नवऱ्याची पहिली पाळी असते, त्यामुळे तो रात्री दहाला आडवा होतो आणि पहाटे पाचला उठतो. मी शाळेत शिकवते. माझं वाचन, पेपर तपासणं सगळं रात्री दहानंतर सुरू होतं. खोलीत उजेडाची सोय म्हणजे खिडकीच्या भिंतीवर एक ट्यूब आणि समोरच्या भिंतीवर झिरोचा बल्ब. ट्यूब लावली की त्याची झोप जायची, झिरोवर मला अक्षर दिसायचं नाही. "तू वाच गं, पण तो सूर्य बंद कर," हे वाक्य रोजचं झालं होतं.

इंटिरिअरवाले प्रकाशाचे तीन थर सांगतात: खोलीभर पसरणारा अ‍ॅम्बियंट, कामापुरता टास्क, आणि एखाद्या वस्तूवर नजर नेणारा अ‍ॅक्सेंट. त्यांच्या चित्रांत हे तिन्ही एकाच वेळी लागलेले असतात आणि खोली छान दिसते. पण त्या चित्रांत एक वस्तू सहसा नसते, ती म्हणजे छताचा पंखा. आपल्याकडे पंख्याशिवाय बेडरूम नाही, आणि पंखा खोलीच्या बरोबर मध्यावर, उजेडाच्या वाटेतच फिरत असतो. म्हणून आमच्याकडे दिव्यांची निवड करायच्या आधी पंख्याचं माप घेतलं.

स्लॅब जमिनीपासून साडेनऊ फुटांवर आहे. पंख्याची पाती सव्वाआठ फुटांवर. पंखा नेहमीचा 1200 मिलिमीटरचा, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून जवळपास दोन फूट लांब. शेजारच्या फ्लॅटमध्ये छताला चार डाउनलाइट बसवलेत, त्यातले दोन पंख्यापासून जेमतेम अडीच फुटांवर आहेत. तिथे पलंगावर पडून पाहिलं तर उजेड थरथरत होता. कारण सरळ आहे: दिवा पात्यांच्या वर आहे आणि पलंगाकडे येणारा झोत पात्यांमधून कापला जातो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेत असेल तर उजेड सेकंदाला सतरा-अठरा वेळा झाकला जातो. इतकी लुकलुक डोळ्याला कळते आणि पडल्या पडल्या त्रास देते. कागदावर रेघा मारून पाहिल्या, तेव्हा आमच्या उंचीच्या खोलीत डाउनलाइट पंख्याच्या मध्यापासून किमान साडेतीन फूट लांब हवा असं निघालं. म्हणजे तो भिंतीला चिकटणार. शिवाय आमच्याकडे फॉल्स सीलिंग नाही, आणि तेवढ्यासाठी करायचंही नव्हतं.

गंमत म्हणजे आमची जुनी ट्यूब या बाबतीत बरोबर जागी होती. ती भिंतीवर, पात्यांच्या पातळीच्या किंचित खाली असल्याने तिचा खाली येणारा उजेड पंखा कापत नव्हता. कापला जायचा तो वर जाणारा. म्हणून छतावर पात्यांच्या सावल्या गरगर फिरायच्या. भिंतीवर ट्यूब असलेल्या घरात लहानपण गेलेल्या कुणालाही त्या सावल्या आठवतील. दिवा पात्यांच्या खाली असेल आणि छत उजळवत असेल तर सावल्या फिरणार. तो पात्यांच्या वर असेल आणि खाली झोत टाकत असेल तर लुकलुक होणार. सुटकेची एकच जागा राहते: दिवा पात्यांच्या वर ठेवायचा आणि त्याचा उजेडही वरच, छताकडे सोडायचा. मग छतावरून परतणारा उजेड सगळीकडून पसरून येतो आणि पात्यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

ही जागा आम्हाला खिडकीच्या भिंतीवर मिळाली. पडद्याच्या वर, भिंतीच्या पूर्ण दहा फूट लांबीत पाच इंच रुंदीची प्लायची फळी आडवी मारायची, पेलमेटसारखी, आणि तिच्यावर एलईडी पट्टी ठेवायची. ट्यूबचा पॉइंट त्याच भिंतीवर असल्याने नवी वायर ओढायची गरज नव्हती. वायरमनचं मत वेगळं होतं. "ताई, एक चोवीस वॅटचा पॅनल लावा छताला, विषय संपला." पण पलंगावर पडलेला माणूस छताकडेच बघत असतो. बैठकीत चालणारा पॅनल बेडरूममध्ये थेट डोळ्यांत येतो, ही गोष्ट उभं राहून दिवा बसवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

किती उजेड हवा याचा हिशेब असा केला. खोली सुमारे 11 चौरस मीटर. कपडे घड्या घालायला, झाडायला, इकडून तिकडे वावरायला 100 लक्सच्या आसपास पुरतो. एक लक्स म्हणजे चौरस मीटरला एक ल्युमेन, त्यामुळे प्रत्यक्ष खोलीत 1100 ल्युमेन पोचायला हवेत. मीटरला 10 वॅटची पट्टी साधारण हजार ल्युमेन देते, तीन मीटरला तीन हजार. दुधी कव्हरात त्यातले पाव जातात, छतावर आपटून खाली येईपर्यंत उरलेल्यातले निम्मे. शिल्लक राहतात ते अकराशेच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पण दिव्याच्या खोक्यावरचे ल्युमेन आणि खोलीत पोचणारे ल्युमेन यांत किती फरक पडतो ते यातून कळतं. छत मात्र पांढरं आणि मॅट हवं. चकचकीत रंग असेल तर छतावर पट्टीच्या ठिपक्यांची रांग आरशातल्यासारखी दिसते.

फळी कायमची ठोकण्याआधी तालीम केली. सुतारमामांनी फळी दोन शिड्यांवर आडवी धरली, मी पट्टी एक्स्टेंशन बोर्डावर लावली आणि फळीच्या पुढच्या कडेला पुठ्ठा धरून बघितला. पट्टी दिसू नये म्हणून कडेला दोन इंचांचा कठडा द्यायचा असं मामांच्या मनात होतं, आणि ऐकायला ते बरोबरही वाटतं. तेवढा पुठ्ठा धरल्याबरोबर छतावर खिडकीपासून दीड-दोन फुटांवर काळीकुट्ट रेघ उमटली. तिच्या पलीकडचं सगळं छत अंधारात. कठडा उजेडाला छतावर पुढे सरकूच देत नव्हता. मग पुठ्ठा थोडा थोडा कापत गेले. कठड्याचं वरचं टोक आणि पट्टी ज्यात बसते त्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचं वरचं टोक एका पातळीत आलं तेव्हा रेघ गेली आणि उजेड थेट समोरच्या कपाटापर्यंत धावला. आमच्या बाबतीत हा कठडा पाऊण इंचाचा आहे. पट्टी तरीही कुणाला दिसत नाही, कारण आठ फूट आठ इंचांच्या वर डोळे असलेला माणूस आमच्याकडे येत नाही.

फळीची उंची ठरवताना ओढाताण झाली. पंख्यासाठी ती पात्यांच्या वर हवी, आणि छतापासून जितकी लांब तितका उजेड सारखा पसरतो. दोन्हींच्या मध्ये आम्हाला छताखाली दहा इंच मिळाले. त्याचा एक परिणाम लगेच दिसला. छताला घासून जाणाऱ्या उजेडात खिडकीजवळच्या दोन फुटांत पुट्टीचे सगळे उंचसखल भाग वर आले, जे ट्यूबच्या उजेडात इतकी वर्षं दिसलेच नव्हते. तेवढा पट्टा रंगाऱ्याकडून पुन्हा घासून, पुट्टी मारून घेतला. दिवा लावून घासायला सांगायचं, म्हणजे त्यालाही काय घासायचं ते दिसतं.

पट्टी 24 व्होल्टची घेतली. 12 व्होल्टची स्वस्त पडते, पण तेवढ्याच वॅटला तिच्यातून दुप्पट करंट जातो आणि लांब पट्टीचं शेवटचं टोक पहिल्यापेक्षा मंद दिसायला लागतं. तीन मीटरला 30 वॅट लागतात, त्यावर थोडी सूट धरून पट्टीला वीज पुरवणारा 40 वॅटचा ड्रायव्हर. तो फळीच्या टोकाला मोकळ्या हवेत ठेवला आहे, प्लायच्या बंद खोक्यात नाही. ड्रायव्हर तापला की पट्टीच्या आधी तोच मरतो. रंग सगळीकडे 3000 केल्विन, पिवळसर. दुकानदार बेडरूमसाठीसुद्धा आधी 6500 चा पांढराशुभ्र काढून दाखवतो, कारण दुकानात तोच जास्त उजेडी वाटतो.

आता दहानंतरचा प्रश्न. वाचनासाठी उशाच्या भिंतीवर, प्रत्येकाच्या बाजूला वाकणाऱ्या मानेचा एकेक छोटा दिवा लावला. उशाशी दोन्ही बाजूंना प्लगचे बोर्ड होतेच. तिथून सरळ वर दोन फुटांची झिरी मारली की काम झालं. झिरी उभीच घ्यायची, तिरकी नाही. पुढे कुणी तिथे खिळा ठोकला तर बोर्डाच्या बरोबर वर वायर असणार एवढा तरी अंदाज त्याला करता येतो. दिवा जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे आणि उशीच्या मध्यावर नाही, तर पलंगाच्या बाहेरच्या कडेकडे सरकवलेला. मध्यावर असला की आपल्याच डोक्याची सावली पानावर पडते. कडेकडून आला की उजेड खांद्यावरून पानावर उतरतो आणि दुसऱ्याच्या उशीकडे पाठ करून राहतो.

इथे वॅटपेक्षा झोताच्या कोनाला जास्त महत्त्व आहे, आणि दुकानात नेमकं तेच कुणी विचारत नाही. पाच फूट रुंद पलंगावर दोन उशांच्या मध्यांत अडीच फुटांचं अंतर. 24 अंशांचा झोत एक मीटरवर सुमारे 42 सेंटिमीटरचं वर्तुळ करतो. पुस्तक उघडं मावतं आणि कड नवऱ्याच्या उशीपर्यंत पोचत नाही. 60 अंशांचा झोत तेवढ्याच अंतरावर मीटरभराहून मोठा होतो, म्हणजे दोघांचीही तोंडं त्यात. कोन खोक्यावर लिहिलेला नसेल तर दिवा दुकानातच लावून एक मीटरवरून भिंतीवर पाडायचा आणि वर्तुळ मोजायचं.

वॅट मात्र मी आधी ठरवले होते त्यापेक्षा बरेच कमी लागले. अरुंद झोतात 3 वॅटचा दिवा अंधाऱ्या खोलीत पानावर इतका भडक पडतो की अक्षरांपेक्षा कागदच दिसतो. 1 वॅटचा लावला तेव्हा फोनच्या मीटरने पानावर 400 ते 500 लक्स दाखवले. फोनचा मीटर अचूक नसतो, पण एकाच फोनने दोन दिव्यांची तुलना करायला चालतो. वाचायला एवढे भरपूर झाले.

तरीही अर्ध्या-पाऊण तासात डोळे चुरचुरायला लागायचे. पान लख्ख आणि भोवती मिट्ट काळोख. नजर पानावरून जराशी उचलली की बाहुली मोठी होते, परत पानावर आली की लहान. डोळ्याला टेकायला दुसरी एखादी मंद उजळलेली जागा लागते. पेलमेटची पट्टी मंद करून हे साधतं, पण तिचा उजेड छतावरून उतरून थेट झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर येतो.

ही अडचण तिसऱ्या थराने सोडवली. पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीवर आजीच्या पैठणीचा पदर काचेच्या फ्रेममध्ये लावलेला आहे. नेसण्याच्या पलीकडे गेलेली साडी, पण कुंकवाच्या रंगाचा पदर आणि त्यावरचे मोर शाबूत आहेत. झिरोच्या बल्बचा पॉइंट त्याच्याच वर, आठ फुटांवर होता. तो बल्ब काढून तिथे पुढे येणाऱ्या दांडीचा दिवा बसवला. चित्रावर उजेड साधारण 30 अंशांच्या कोनात यावा असा संकेत आहे. यापेक्षा भिंतीला जास्त चिकटला तर फ्रेमच्या चौकटीची लांब सावली पडते. जास्त पुढे आला तर काचेतून उजेड बघणाऱ्याच्या डोळ्यांत परततो. फ्रेमचा मध्य दिव्याच्या सव्वादोन फूट खाली येतो, त्या हिशेबाने दांडी सोळा इंचांच्या आसपास लागली.

काचेचा आणखी एक उपद्रव वायरमननेच दाखवला. वाचायचा दिवा लावून तो पलंगावर टेकून बसला आणि म्हणाला, "ताई, तुमचा बल्ब साडीत दिसतोय." समोरची काच म्हणजे आरसाच. दिवा साडेचार फुटांवर, टेकून बसलेल्याचा डोळा तीन फुटांवर; तर प्रतिबिंब या दोन उंचींच्या मध्ये, पावणेचार फुटांच्या जवळपास पडतं. फ्रेमचा खालचा भाग तिथपर्यंत येत होता. खिळा वर घेऊन फ्रेमची खालची कड साडेचार फुटांवर नेली आणि बल्ब साडीतून गेला.

रंगाचं म्हणाल तर ट्यूबखाली तो पदर कायम विटकरी दिसायचा. साध्या एलईडीत लाल रंग नीट उमटत नाही, कारण तिच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सीआरआय या आकड्यावरून कळतं; इथे सीआरआय 90 च्या वरचा दिवा आणला. पूर्ण खोलीला तेवढा खर्च करायची गरज नव्हती, या एका दिव्याला होती.

पण रेशमाला प्रकाश मानवत नाही. संग्रहालयांमध्ये जुन्या कापडावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात हे खरं. तरी दिसणारा प्रकाशसुद्धा रंग उडवतो आणि नुकसान साचत जातं. त्यामुळे या दिव्यालाही 1 वॅट पुरला, वर एक दुधी जाळी लावून तो आणखी मंद केला. आता 50 लक्सची ही मर्यादा आणि 100 लक्सचा पेलमेट एकत्र लावले तर काय होईल? काहीच दिसणार नाही. वस्तू उठून दिसायला तिच्यावर भोवतालच्या किमान तिप्पट उजेड लागतो, आणि इथे तर भोवतालच जास्त उजळ. म्हणून आमच्याकडे पेलमेट आणि पैठणी कधीच एकत्र लागत नाहीत. संध्याकाळी पेलमेट. दहाला तो बंद, वाचायचा दिवा आणि पैठणी सुरू. समोरच्या भिंतीवरची ती मंद लाली डोळ्याला टेकायची जागा देते, आणि कुशीवर झोपलेल्या नवऱ्याला तिचा त्रास नाही. मी आडवी झाले की दोन्ही बंद, म्हणजे पदरावर रोजचे जेमतेम दीड-दोन तास.

पहाटे पाचची सोय सोपी होती. कपाटाच्या आत, दार उघडल्यावर लागणारी पट्टी, आणि पलंगाच्या कडेखाली पावलांपुरता सेन्सरचा दिवा. त्याला मोजे सापडतात, मला जाग येत नाही.

पेलमेट पलंगावरूनही बंद व्हावा म्हणून टू-वे स्विच करायचा विचार होता. पण त्यासाठी दारापासून उशापर्यंत भिंत फोडावी लागली असती. त्याऐवजी ड्रायव्हर आणि पट्टीच्या मध्ये रिमोटवर चालणारा डिमर टाकला. डिमरची परीक्षा पंखाच घेतो. हे डिमर पट्टी भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात. हा वेग कमी असेल तर डोळ्याला उजेड स्थिर वाटतो, पण फिरत्या पात्यांचे तुकडे तुकडे दिसायला लागतात. आधी आणलेल्या डिमरवर उजेड पाव केला की पंख्याला तीनाऐवजी सात-आठ पाती आल्यासारखी दिसायची. दुकानदाराने बदलून जास्त फ्रिक्वेन्सीचा दिला, तेव्हा पाती पुन्हा नेहमीसारखी धूसर झाली. दुकानात पंखा हाताशी नसेल तर दिव्यासमोर पेन्सिल झपाझप हलवून बघायची. सलग धुरकट पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो डिमर तिथेच ठेवायचा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट समोर आली. रिमोटने पट्टी बंद केली तरी दाराजवळचं बटण चालूच असतं. रात्री वीज गेली आणि दोन वाजता परत आली की काही डिमर आधीची स्थिती विसरतात आणि सगळी पट्टी पूर्ण ताकदीने पेटते. विकत घेताना डिमर लावायचा, रिमोटने बंद करायचा, प्लग काढून पुन्हा घालायचा. बंदच राहिला तर घ्यायचा. आमचा आता बंद राहतो. वाचायचे दिवे आणि पलंगाखालचा सेन्सर इन्व्हर्टरवर आहेत, पेलमेट नाही. वायरमनने तोही जोडायला तयारी दाखवली होती, पण वीज नसताना खोलीभर उजेड लागेल असं काही आम्ही रात्री करत नाही, आणि बॅटरी पंख्यासाठी राखलेली बरी.